सात टेपा की दोन? `dump`ची गोष्ट

मंडळी, बॅकअपचा विषय निघाला की फुल, डिफरन्शियल आणि इन्क्रिमेंटल हे तीन वेगळे प्रकार म्हणून सांगितले जातात. युनिक्समध्ये मात्र हे तिन्ही एकाच नियमातून निघतात. 1979च्या सातव्या आवृत्तीतल्या `dump` कमांडला 0 ते 9 अशी लेव्हल देता यायची. लेव्हल 0 म्हणजे सगळं काही. बाकी कुठलीही लेव्हल म्हणजे, त्याहून खालच्या लेव्हलच्या शेवटच्या बॅकअपनंतर जे बदललं तेवढंच. बस्स, इतकंच!

आता गणित करू. डिस्कवर 100 जीबी डेटा, रविवारी फुल बॅकअप आणि रोज 2 जीबीच्या नव्या फाइली. सोमवार ते शनिवार 1, 2, 3, 4, 5, 6 अशा लेव्हल दिल्या की झालं इन्क्रिमेंटल. आठवड्याची जागा 112 जीबी, पण शनिवारी रात्री डिस्क गेली तर सात टेपा क्रमाने लावायच्या. रोज लेव्हल 9 दिली की झालं डिफरन्शियल. 2, 4, 6 असं वाढत जाऊन जागा 142 जीबी, पण टेपा फक्त दोन. रोज फुल घेतला तर टेप एकच, पण जागा 742 जीबी.

गंमत म्हणजे रिस्टोअरला पहिल्या दोन्हींत 112 जीबीच वाचावे लागतात. वेळ जातो तो टेपा शोधण्या-बदलण्यात. आणि खरी धास्ती वेगळीच. सातांपैकी बुधवारची टेप खराब निघाली तर बुधवारच्या फाइली गेल्याच.

बर्कलीच्या बीएसडी युनिक्सच्या मॅन्युअलने मधला मार्ग सुचवला, हनोईच्या मनोऱ्याच्या कोड्यावर बेतलेला: 3, 2, 5, 4, 7, 6. सोमवारी 2 जीबी, मंगळवारी 4 (कारण लेव्हल 2साठी खालची फक्त 0), बुधवारी पुन्हा 2, असं करत जागा 118 जीबी. शनिवारच्या रिस्टोअरला 0, 2, 4, 6 अशा चारच टेपा. सोमवार, बुधवार, शुक्रवारचे बदल दोन-दोन टेपांवर असतात. मंगळवार, गुरुवार, शनिवारचे मात्र एकाच, तेव्हा संरक्षण अर्धंच बरं का!

आता एक मेख. रोज नव्या फाइलींऐवजी तीच 2 जीबीची डेटाबेस फाइल बदलत असेल तर? डिफरन्शियल फुगतच नाही. रोज 2 जीबी, म्हणजे जागा इन्क्रिमेंटलइतकीच. उलट इन्क्रिमेंटलच्या रिस्टोअरला तीच फाइल सहा वेळा वाचावी लागते. म्हणून पद्धत निवडण्याआधी किती डेटा बदलतो एवढंच पाहून चालत नाही, त्याच त्या फाइली बदलतात का हेही बघा.

शेवटी एक खाचखळगा. `dump` ही तारीख `/etc/dumpdates`मध्ये लिहितो, पण `-u` दिला तरच. तो राहिला तर रविवारच्या फुलची नोंदच होत नाही आणि सोमवारचा बॅकअप त्याआधीच्या फुलपासून मोजतो. लक्षण सोपं: 2 जीबीच्या जागी 16 जीबी. खात्रीसाठी हे चालवा:

```
cat /etc/dumpdates
```

लेव्हल 0ची तारीख जुनी दिसली, तर कारण हेच.