नाणेघाटाचे चित्र हलू लागते तेव्हा

सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरात उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येत असे. इतिहासाच्या तासाला हा घाट आपण बहुधा एका स्थिर चित्राने दाखवतो: ओझ्याचे बैल, जकातीचा दगडी रांजण, लेण्याच्या भिंतीवरचा ब्राह्मी लेख. हे चित्र हलते करावे, असे कोणत्याही शिक्षकाला वाटेल.

ही इच्छा नवी नाही. याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला, कल्याणला, महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडायची आणि ती भराभर बदलून हालचालीचा भास निर्माण करायचा, अशी ही रीत होती. पुढे १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. पटवर्धनांची प्रत्येक अवस्था चित्रकाराने ठरवलेली होती. फाळक्यांची प्रत्येक चौकट रोपानेच पुरवलेली होती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये खुल्या झालेल्या ‘स्टेबल व्हिडिओ डिफ्यूजन’ या प्रणालीत तिसराच प्रकार दिसला. तिला एकच चित्र द्यायचे; ती त्यावरून १४ किंवा २५ चौकटींचे, जेमतेम चार सेकंदांचे दृश्य करते. सगळ्या चौकटी आधी अर्थहीन ठिपक्यांच्या गर्दीसारख्या असतात. मूळ चित्राच्या आधाराने ती गर्दी पायरीपायरीने विरळ करत सगळ्या चौकटी एकदमच साकारतात. यात गुरुत्वाकर्षणाचे किंवा सांध्यांचे गणित कोठेही केलेले नसते. शिकवताना दाखवलेल्या असंख्य चित्रफितींत अशा आकारांचे पुढे बहुधा काय होत असे, एवढाच अंदाज असतो. नंतरच्या साधनांत हालचाल शब्दांनी सांगता येते, पण अंदाजाचे मूळ तेच.

म्हणून चुकाही ठराविक ठिकाणी होतात. बैल चालताना अलीकडचा पाय पलीकडच्या पायावरून जातो. दोन्ही एकाच रंगाचे असले की कोणता कोणाचा हे साधनाला राखता येत नाही; पायांची अदलाबदल होते किंवा पाचवा पाय उगवतो. वेगात पाहिल्यास हे निसटते. एकच खूर धरून चौकटीमागून चौकट पाहावी, म्हणजे चूक नेमकी सापडते. इलाज मूळ चित्रातच आहे. पलीकडचे पाय गडद रंगवावेत, पायांत मोकळी जागा ठेवावी, तांड्याऐवजी एकच बैल काढावा. सूचनेतही एकच क्रिया सांगावी: ‘बैल सावकाश चढतो, कॅमेरा स्थिर.’ तरी बिघडले, तर अदलाबदलीपूर्वीचे दीड-दोन सेकंद कापून घ्यावेत.

लेखाची गोष्ट जास्त गंभीर आहे. प्रत्येक चौकट नव्याने रंगत असल्याने भिंतीवरची अक्षरे सरकतात आणि ब्राह्मीसारख्या दिसणाऱ्या, पण अस्तित्वातच नसलेल्या खुणा बनतात. नागनिकेच्या यज्ञांची नोंद असलेल्या या लेखाचा असा खोटा पाठ मुलांपुढे जाता कामा नये. येथे जादूच्या कंदिलाची जुनी युक्ती उपयोगी पडते. त्या खेळांत पार्श्वभूमीची काच स्थिर ठेवून हलणारी आकृती वेगळ्या काचेवर घेत असत. तसेच चित्रफीत जोडण्याच्या साध्या साधनात भिंतीचा तुकडा मूळ चित्रातून कापून सगळ्या चौकटींवर बसवावा. मात्र कॅमेरा हलला, तर हा तुकडा तरंगताना दिसतो. स्थिर कॅमेऱ्याचा आग्रह त्यासाठीच.

उरला धबधबा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम कडेला पावसाळी वारा कोकणातून येऊन कड्यावर आदळतो आणि वर उसळतो. नाणेघाटात त्या जोराने कड्यावरून पडणारे पाणी उलटे फेकले जाते. साधनाने पाहिलेले जवळजवळ सगळे धबधबे मात्र खाली पडणारे. त्यामुळे आपण वर उडणारे पाणी काढले, तरी ते दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला खाली वळते. ‘उलटा धबधबा’ लिहूनही फारसे साधत नाही. सरळ दृश्य करून ते उलट चालवावे, तर पाण्याची अखंड चादर वर सरकताना दिसते. प्रत्यक्षात धार कड्यापाशी फुटते, तिचे तुषार होतात आणि तेच पठाराकडे मागे उडतात.

काही साधने पहिली आणि शेवटची, अशा दोन चौकटी घेतात. पहिल्या चित्रात कड्यापाशी फुटलेली धार आणि शेवटच्यात पठारावर पसरलेले तुषार काढले, तर अंदाजाला दोन्ही टोकांनी बांध बसतो. कड्यावरचे गवतही दोन्ही चित्रांत पठाराकडेच झुकलेले असावे, नाहीतर तुषार एकीकडे आणि वारा दुसरीकडे दिसतो. एवढे करूनही पाणी खाली वळलेच, तर तुषारांचा थर वेगळ्या कागदावर रंगवून तो हातानेच थोडाथोडा वर सरकवावा.