उतरल्यावर कापले जाणारे पैसे

टॅक्सीतून उतरायचं, दार लावायचं आणि चालू पडायचं. पैसे मागाहून आपोआप कापले जातील. ही कल्पना उबरने २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोत आणली, तेव्हा तिच्या मुळाशी एक जुनीच अडचण होती: भाडं नक्की किती ते प्रवास संपल्यावर कळतं, आणि पैसे घ्यायची परवानगी मात्र आधी लागते. हा मधला काळ कसा सांभाळायचा, याचा भारतातला इतिहास मोठा गमतीदार आहे.

आधी भाडं कसं ठरतं ते पाहू. समजा, स्वारगेटहून पाचगणीला निघालात. अंतर साधारण १०० किलोमीटर. सोयीसाठी दर मी माझ्या मनचे धरतो: मूळ भाडं २०० रुपये, किलोमीटरला २०, मिनिटाला २ आणि टोल १००. अडीच तासांचा अंदाज धरला तर २०० + २००० + ३०० + १००, म्हणजे २६०० रुपये. आता पसरणी घाटात रविवारची गर्दी लागली आणि ५० मिनिटं जास्त गेली, तर बिल २७०० होतं.

अंतर मोजायचं काम ड्रायव्हरच्या फोनमधलं जीपीएस करतं. ते सलग रेघ देत नाही, ठिपके देतं. घाटात डोंगराआड २० सेकंद ठिपकाच मिळाला नाही, तर ताशी ३० च्या वेगाने गाडी तेवढ्यात दीडशे मीटरहून जास्त पुढे जाते. मधे वळण असेल आणि दोन ठिपके सरळ रेघेने जोडले, तर अख्खं वळणच गायब! म्हणून ठिपके नकाशातल्या रस्त्यावर बसवतात आणि रस्त्याची लांबी धरतात. २०१६ पासून उबरने भाडं आधीच सांगायला सुरुवात केली, तरी रस्ता किंवा वेळ फार बदलला की हिशोब पुन्हा होऊ शकतो.

आता पैसे कापण्याकडे येऊ. कार्डाच्या जगात यावर उत्तर तयार होतं. निघतानाच अंदाजाइतकी रक्कम बँकेकडून अडवून ठेवायची, तिला होल्ड म्हणतात. प्रवास संपला की खरी रक्कम उचलायची. बिल कमी आलं तर उरलेलं मोकळं होतं. आपल्या उदाहरणात मात्र २६०० अडवलेत आणि हवेत २७००. वरच्या १०० साठी कार्डाकडे पुन्हा जावं लागतं, आणि तेव्हा आपण टेबललँडवर पोचलेलो असतो.

घोडं अडलं ते इथेच. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना पासवर्ड किंवा ओटीपीसारखी दुसरी खात्री सक्तीची केली होती. उतरून गेलेल्या माणसाकडून ओटीपी कोण घेणार? २०१३ मध्ये बंगळुरात आलेल्या उबरने व्यवहार परदेशी बँकेमार्फत फिरवले, तिथे हा नियम लागत नव्हता. इथल्या टॅक्सी कंपन्यांनी तक्रार केली. २२ ऑगस्ट २०१४ च्या परिपत्रकाने ही पळवाट बुजवली: कार्ड भारतातलं, सेवाही भारतातली, तर व्यवहार भारतीय बँकेतून आणि रुपयांतच. मुदत ३१ ऑक्टोबर.

नोव्हेंबरात उबर पेटीएमच्या वॉलेटवर आली. यातली युक्ती साधी होती. ओटीपी वॉलेट भरतानाच द्यायचा, मग उतरल्यावर विचारायची गरजच नाही. म्हणजे परवानगीच आधी सरकवली. पण वॉलेटमध्ये २६०० च असतील तर? १०० रुपये थकबाकी म्हणून खात्यावर राहतात आणि पुढच्या प्रवासाच्या वेळी समोर येतात. २०१५ च्या मे महिन्यात हैदराबादेत उबरने चक्क रोख घ्यायला सुरुवात केली. ज्या कंपनीचा सगळा डौल ‘खिशात हात घालायला नको’ यावर उभा होता, तिने! यूपीआयचंही तेच: शेवटी पिन टाकायचा तर गाडीतच बसून टाका. आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून तर ‘सेव्ह केलेलं’ कार्ड कंपनीकडे नसतंच. त्याऐवजी तिथे एक टोकन असतं आणि ओळखीपुरते शेवटचे ४ आकडे.

तेव्हा पाचगणीहून आल्यावर एकाच प्रवासाचे दोन एसएमएस दिसले तर लगेच घाबरू नका. खात्याच्या उताऱ्यात पाहा. होल्ड असेल तर ती रक्कम काही दिवसांत परत मोकळी होते. दोन्ही रकमा खरंच वजा झालेल्या दिसल्या, तर पावतीतले किलोमीटर, मिनिटं आणि टोल आधी जुळवा. बेरीज एकाच रकमेशी जुळली, तर दुसरी परत मागायला तुमच्या हातात तीच पावती पुरावा आहे.