'ओरिएंटल', 'कॉकेशियन' : कुणी ठेवली ही नावे?

आपल्या पुण्यातल्या भांडारकर संस्थेच्या १९१७ च्या इंग्रजी नावात 'ओरिएंटल' आहे. म्हणजे पूर्वेकडचे. कुणाच्या पूर्वेकडचे? युरोपच्या! माणसांसाठी हा शब्द अमेरिकेने २०१६ मध्ये कायद्यांतून काढला.

'कॉकेशियन'चे मूळ एका कवटीत आहे. जॉर्जियातल्या स्त्रीची ती कवटी ब्लूमेनबाख या जर्मन शास्त्रज्ञाला सर्वांत सुंदर वाटली. म्हणून १७९५ मध्ये त्याने युरोपीयांपासून गंगेपर्यंतच्या लोकांना कॉकेशस पर्वताचे नाव दिले. त्याच आधारे भगतसिंग थिंद यांनी अमेरिकेत नागरिकत्व मागितले. दावा काय, तर आम्ही उच्च जातीचे आर्य! १९२३ मध्ये तिथले सर्वोच्च न्यायालय म्हणाले, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस तुम्हाला गोरा मानत नाही.

आम्हाला इथे बाबासाहेब आठवतात. १९४८ मध्ये त्यांनी नाकाच्या मोजमापांचेच आकडे घेऊन दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत.