द्वयाधिकारातील प्रतिसाद-समायोजनाची स्थिरता

एकाच मालाचे दोनच उत्पादक असतील आणि प्रत्येक जण प्रतिस्पर्ध्याचे आताचे उत्पादन कायम राहील असे धरून स्वतःसाठी सर्वाधिक नफ्याचे उत्पादन ठरवत असेल, तर आळीपाळीने केलेल्या अशा खेळ्या समतोलाकडे जातात की त्यापासून दूर, हा या नोंदीचा विषय. मूळ मांडणी फ्रेंच गणितज्ञ आंत्वान ऑग्युस्तँ कूर्नो यांच्या 1838 च्या ग्रंथातली. त्यांच्या उदाहरणात खनिज पाण्याच्या झऱ्यांचे दोन मालक आहेत आणि पाणी काढायला खर्च येत नाही.

समजा, बाजारातला दर म्हणजे 120 वजा दोघांचे एकूण उत्पादन. खर्च शून्य असल्यामुळे पहिल्याचे सर्वोत्तम उत्पादन (120 − q₂)/2 इतके येते; दुसऱ्याचेही तसेच. दोघांनी 40-40 विकले की कोणालाच बदल करावासा वाटत नाही. हा समतोल. आता पहिला मालक एकटाच होता आणि 60 विकत होता असे धरू. दुसरा आला, त्याने 30 ठरवले. त्यावर पहिला 45 वर उतरला, दुसरा 37.5 वर चढला, पहिला पुन्हा 41.25 वर आला. 40 पासूनचे अंतर 20, 10, 5, 2.5, 1.25 असे दर खेळीला निम्मे होते. कारण साधे आहे: प्रतिस्पर्ध्याने उत्पादन एक नग वाढवले, की आपण अर्धा नग कमी करतो. हा अर्धा म्हणजे प्रतिक्रिया रेषेचा उतार. दोघांच्या उतारांचा गुणाकार, चिन्ह सोडून, एकापेक्षा कमी असेल तर समतोलाच्या जवळून सुरू झालेला खेळ तिथेच येऊन थांबतो. तो एकापेक्षा जास्त असेल तर थांबत नाही.

उतार एवढा तीव्र केव्हा होतो? उत्पादन वाढेल तसा पुढच्या नगाचा खर्च झपाट्याने घटत असेल तेव्हा. मागणी तीच ठेवून सीमांत खर्च 84 − 1.2q धरला, तर प्रतिसाद (36 − q₂)/0.8 होतो आणि उतार −1.25. समतोल 20-20 वर आहे. दर 80 पडतो आणि प्रत्येकाला 160 नफा होतो. व्याख्येप्रमाणे समतोलात काहीच खोट नाही. पण दुसऱ्याने चुकून 22 नग काढले की पहिला 17.5 वर येतो, दुसरा 23.125 वर जातो, पहिला सुमारे 16.1 वर आणि दुसरा 24.9 वर. आणखी काही फेऱ्यांत पहिल्याचे उत्पादन शून्यावर येते आणि दुसरा 45 वर स्थिरावतो. विचलन अनंतापर्यंत वाढत नाही. उत्पादन शून्याखाली जाऊ शकत नसल्याने प्रवास मक्तेदारीत संपतो. तोही एक समतोलच, आणि या बाजारात मुक्काम पडतो तो तिथे. मधला 20-20 कागदावरच राहतो.

पाठ्यपुस्तकांत बहुधा न भेटणारी एक गोष्ट इथे नोंदवण्याजोगी आहे. 1960 मध्ये थिओकारिस यांनी दाखवले की सरळ रेषेची मागणी आणि स्थिर सीमांत खर्च असताना सगळ्यांनी एकाच वेळी खेळी केली, तर दोन उत्पादकांपुरताच समतोल स्थिर असतो. तिघांत आंदोलने थांबत नाहीत, चौघांपासून ती फुगत जातात. खर्च शून्य असलेल्या मघाच्या बाजारात चार उत्पादक धरले तर प्रत्येकाचा समतोल 24. सगळे 20 वर असतील तर पुढच्या खेळीला सगळे 30 वर, मग 15 वर, मग 37.5 वर. इथे धीमेपणा हा उतारा ठरतो: प्रत्येकाने हव्या असलेल्या बदलाच्या निम्माच बदल केला, तर अंतर दर वेळी एक-चतुर्थांश उरते. वरच्या घटत्या खर्चाच्या द्वयाधिकाराला मात्र हा उतारा लागू पडत नाही. निम्म्या पावलांनी एकाच वेळी चाललो तरी दोघांमधली तफावत दर फेरीला 1.125 पट होते. चौघांचे दुखणे सगळे मिळून एकाच दिशेला अतिरेक करण्याचे आहे. या दोघांचे एकमेकांपासून फाकण्याचे. नुसती अस्थिरता पाहून उपाय सुचवणारा म्हणूनच फसतो.

दोन्ही प्रतिक्रिया रेषा उतरत्या असताना आळीपाळीच्या खेळ्यांची आकृती जिन्यासारखी दिसते. खरी भोवऱ्यासारखी वाट हवी तर एक वक्र चढता आणि दुसरा उतरता लागतो. तोनू पू यांच्या 1991 च्या प्रतिमानात ते घडते. तिथे दर एकूण उत्पादनाच्या व्यस्त प्रमाणात असतो आणि दोघांचे सीमांत खर्च स्थिर, पण वेगवेगळे. खर्चांचे गुणोत्तर 3 + 2√2, म्हणजे सुमारे 5.83 ओलांडेपर्यंत समतोल टिकतो. त्यानंतर उत्पादन आधी ठरावीक आवर्तनांत फिरू लागते आणि गुणोत्तर 6.25 च्या जवळ आले की गोंधळी गतीत शिरते.