नंबर जुळला म्हणजे हिरा जुळला का?

पुण्याच्या एका बाईंचा निरोप सुरतेतल्या आमच्या एका स्नेह्याकडे आला: "अंगठीतला हिरा ओरिजिनल आहे ना?" त्याला घरातली जुनी अंगठी विकायची होती. स्नेह्याने मला उत्तर दाखवलं: "शंभर टक्के ओरिजिनल, बिल आणि सर्टिफिकेट नंबर सोबत." पाठवायच्या आधी मी ते खोडलं.

त्याचं म्हणणं हेच इथल्या बहुतेकांचं म्हणणं आहे, आणि ते अगदीच पोकळ नाही. बिल दुकानाने दिलंय, नंबर प्रयोगशाळेने दिलाय, दोन्ही खोटे नाहीत. मग "ओरिजिनल" लिहायला हरकत कसली? शिवाय महिधरपुऱ्याच्या बाजारात लाखोंचे हिरे कागदाच्या पुडीत, शब्दावर फिरतात. गिऱ्हाइकाने इतकं खोदून विचारावं, हेच तिथल्या माणसाला खटकतं.

पण कागद खरा असणं आणि कागद याच खड्याचा असणं, या दोन गोष्टी आहेत. बिलापासूनच बघा. त्यावर २४ने सुरू होणारा पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो. २४ म्हणजे गुजरात. पोर्टलवर तो तपासला की पेढी नोंदणीकृत आहे एवढं कळतं, बिलातला माल कोणता ते कळत नाही. बिलातला एचएसएन कोड त्यापेक्षा बोलका. सुटा नैसर्गिक हिरा ७१०२ मध्ये येतो, कृत्रिम खडा ७१०४ मध्ये. पण अंगठी म्हणून विकलेला दागिना ७११३ खाली जातो आणि आतल्या हिऱ्याचा प्रश्न तिथेच बुडतो. जांगडाची चिठ्ठी पुढे करणारेही भेटतात. जांगड म्हणजे पसंतीसाठी सोपवलेला माल. त्यात विक्री झालेलीच नसते, तर तिला बिल कसं म्हणायचं?

मग हॉलमार्क? सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षरी एचयूआयडी असते आणि बीआयएस केअर ॲपमध्ये ती टाकली की शुद्धता दिसते. ती सोन्याची. हिऱ्याबद्दल ती अवाक्षर काढत नाही, तरी "हॉलमार्क आहे" हे उत्तर हिऱ्याच्या प्रश्नाला सर्रास दिलं जातं.

राहिला हिऱ्याच्या मेखलेवर लेझरने कोरलेला अहवाल क्रमांक. दहापट भिंगातून तो वाचता येतो, आणि जीआयएच्या संकेतस्थळावर टाकला की वजन, मापं, रंग, शुद्धता समोर येते. पूर्वपक्षाचा सगळा भर इथे आहे, आणि तो इथेच कोसळतो. नैसर्गिक हिऱ्याचा खरा क्रमांक प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यावर कोरल्याची प्रकरणं जीआयएने २०२१ मध्ये जाहीर केली. अशा खड्याचा नंबर संकेतस्थळावर बिनचूक सापडतो, कारण नंबर खराच असतो. दुकानातलं उष्णता मोजणारं यंत्रही "हिरा" असंच सांगतं; सांगणारच, कारण प्रयोगशाळेतला हिराही हिराच असतो. म्हणून "ओरिजिनल" हा शब्दच दुटप्पी. विकणारा म्हणतो काच नाही. घेणारा ऐकतो, खाणीतला.

यावर "इतकं काटेकोर लिहिलं तर गिऱ्हाईक बिचकेल" असं स्नेही म्हणाला. बिचको की. माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे, ही अट १९३०च्या माल विक्री कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. आपण जे वर्णन लिहू, तेच उद्या आपल्याला दाखवलं जाईल.

शेवटी पाठवलेलं उत्तर असं:

"ताई, बिलाचा फोटो जोडला आहे, क्रमांक आणि तारीख वाचता येते. बिल अंगठीचं आहे, त्यात हिरा नैसर्गिक असल्याचा उल्लेख नाही. मेखलेवरचा क्रमांक भिंगातून वाचला, तो अहवालाच्या क्रमांकाशी जुळतो. अहवालात वजन ०.५१ कॅरेट आहे. हिरा बसवलेला असल्यामुळे मी तो तोललेला नाही. वरून मोजलेला व्यास ५.१ मिलिमीटर, अहवालात ५.१२ ते ५.१५. एचयूआयडीनुसार सोनं १८ कॅरेट. हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, हे मी सांगू शकत नाही. ते प्रयोगशाळाच सांगेल."

'जुळतो' हे क्रियापद मी मुद्दाम ठेवलं, 'आहे' नव्हे. व्यास जुळणंही फार मोठा पुरावा नाही. नकली कोरणारा मापाला जवळचाच खडा निवडतो. दोषांचा नकाशा असता तर भिंगाखाली एकेक खूण ताडून बघता आली असती, पण लहान हिऱ्यांसाठी सहसा घेतल्या जाणाऱ्या डॉसियर अहवालात तो नसतो.

बाईंनी दोन दिवसांनी लिहिलं: हिरा काढून तोला, आणि तपासणीचा खर्च निम्मा-निम्मा. कारागिराने पंजे उघडले. काट्यावर ०.५१ आलं. स्नेही खुलला, "बघ!" मी पुडी बांधली आणि प्रयोगशाळेचा अर्ज त्याच्यापुढे सरकवला.