सरकारी वकील पोलिसांचा वकील नसतो : आरोपीच्या घरच्यांना आणि फिर्यादीला माहीत असाव्यात अशा काही गोष्टी

तिवस्याहून अमरावतीच्या जिल्हा न्यायालयात तारखेला जाणाऱ्या घरांमधून एक वाक्य हमखास ऐकू येतं : "सरकारी वकील म्हंजे पोलिसायचाच माणूस. तो आपल्या पोराले शिक्षा लावाले बसला हाये." उलट ज्यांच्या घरचा माणूस मारला गेला, ते म्हणतात, "सरकारी वकील आपला आहे, तो जिंकून देईल." कायद्याच्या नजरेनं दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. या चुकीमुळे लोक योग्य वेळी योग्य अर्ज करत नाहीत, आणि नुकसान तिथंच होतं.

आधी कोण कुठं उभा राहतो ते पाहू. तिवस्यासारख्या तालुक्याच्या न्यायदंडाधिकारी कोर्टात सरकारतर्फे सहायक सरकारी अभियोक्ता असतो. खून, खुनाचा प्रयत्न असे गुन्हे सत्र न्यायालयात चालतात. अशी केस तालुक्याहून अमरावतीला वर्ग होते आणि तिथं जिल्हा सरकारी वकील किंवा त्यांचे अतिरिक्त वकील ती चालवतात. सत्र न्यायालयातल्या या नेमणुकीसाठी किमान 7 वर्षांची वकिली लागते, आणि नावांची यादी जिल्हा दंडाधिकारी सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून तयार करतात. पोलीस अधीक्षकांना त्यात जागा नाही, आणि ही जागा मुद्दामच ठेवलेली नाही.

पूर्वी असं नव्हतं. खालच्या कोर्टात पोलीस खात्यातलाच माणूस खटला चालवायचा. 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं ते बंद केलं, पण महाराष्ट्रात सहायक अभियोक्ते नंतरही पोलीस खात्याच्याच हाताखाली राहिले. बदली, रजा, शेरे सगळं तिथूनच. हे प्रकरण 'शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावानं सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1995 साली कोर्टानं राज्य सरकारला आदेश दिला की अभियोक्त्यांचं वेगळं खातं करा, आणि त्याचा प्रमुख पोलिसांना नव्हे तर थेट सरकारला जबाबदार असू द्या. ज्या साहेबाच्या हातात आपली बदली आहे, त्याच्या तपासातली चूक कोण दाखवणार? कोर्टाचा मुद्दा साधारण हाच होता.

त्याच्या एक वर्ष आधी, 1994 मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या दुसऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हीच गोष्ट जास्त स्पष्ट केली. 'हितेंद्र विष्णू ठाकूर' हा तो निकाल. मामला टाडा कायद्याचा होता. तपास वेळेत संपला नाही तर आरोपीला आणखी काळ आत ठेवायचं का, हे कोर्टानं सरकारी वकिलाच्या अहवालावर ठरवायचं, अशी दुरुस्ती त्या कायद्यात झाली होती. पोलीस काय करायचे, तर तपास अधिकाऱ्याचा अर्ज सरकारी वकिलाच्या हातून कोर्टाकडे सरकवायचे. कोर्टानं सांगितलं की सरकारी वकील म्हणजे टपालपेटी नाही. त्यानं कागद स्वतः वाचावेत, तपास किती झाला ते बघावं, मुदत खरंच हवी का ते ठरवावं. पटलं नाही तर अहवाल देऊच नये. तपास अधिकाऱ्याचा अर्ज वेगळा, सरकारी वकिलाचा अहवाल वेगळा. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

टाडा गेला, पण ही तरतूद गेली नाही. यूएपीएमध्ये आणि मकोकामध्ये ती आजही आहे. साध्या गुन्ह्यात 60 किंवा 90 दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो आणि ती मुदत वाढत नाही. या दोन कायद्यांत मात्र सरकारी वकिलाच्या अहवालावर 90 चे 180 दिवस होऊ शकतात. म्हणून ज्या घरातला माणूस या कलमांखाली आत आहे, त्यांनी 80-85व्या दिवशी वकिलाला विचारायलाच हवं : मुदतवाढीचा अर्ज आला का? त्यासोबत सरकारी वकिलाचा स्वतंत्र अहवाल आहे का, की पोलिसांच्या अर्जाखाली नुसती सही? तपास कुठवर आला आणि याच माणसाला आत ठेवण्याचं नेमकं कारण काय, हे त्यात लिहिलंय का? सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2022 मध्ये हेही सांगितलं की असा अर्ज सुनावणीला येईल तेव्हा आरोपीला प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवरून हजर केलं पाहिजे आणि अर्ज आल्याचं त्याला कळवलं पाहिजे.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर लोक नुसत्या तांत्रिक चुकीवर आशा लावून बसतात. भीमा-कोरेगाव प्रकरणात नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2018 मध्ये मुदतवाढ रद्द केली, कारण स्वतंत्र अहवाल नीट नव्हता. पण फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. अर्जाची मांडणी सदोष होती, तरी सरकारी वकिलाची सही आणि कारणं त्यात होती, एवढं कोर्टाला पुरलं. म्हणजे नियम पक्का आहे, पण तो मोडला असं ठरवताना कोर्ट कागदाच्या शीर्षकाकडे नाही, आतल्या मजकुराकडे बघतं.

आता साध्या खटल्याकडे येऊ, कारण बहुतेक घरांचा संबंध त्याच्याशीच येतो. समजा, तिवस्यात बस स्टँडजवळ रात्री साडेनऊला चाकूहल्ला झाला आणि एका पोराला खुनाच्या प्रयत्नात अटक झाली. पोरगा म्हणतो, मी त्या वेळी मोझरीकडच्या पेट्रोल पंपावर गाडीत पेट्रोल भरत होतो. पोलीस पंपावर गेले, सीसीटीव्हीचा डीव्हीआर जप्त केला, मालकाचा जबाब घेतला. तीन महिन्यांनी आरोपपत्र आलं. त्यात दोन प्रत्यक्षदर्शी आहेत, डॉक्टरांचा दाखला आहे, चाकूचा पंचनामा आहे. पंपाचं नावही नाही.

फुटेजमध्ये काय होतं? पोरगा दिसला नसेल, तर पोलिसांनी ते वगळण्यात फार काही वावगं नाही. पण तो दिसला असेल आणि तरी वगळलं असेल, तर खटला खोट्यावर उभा राहतोय. हे घरच्यांना कळणार कसं?

सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2021 मध्ये फौजदारी खटल्यांसाठी नियमांचा मसुदा मंजूर केला. त्यानुसार आरोपीला फक्त पोलीस ज्यांवर भिस्त ठेवतात ते कागद देऊन भागत नाही. तपासात घेतलेले पण आरोपपत्रात न वापरलेले जबाब, कागद आणि वस्तू यांची यादीही त्याला द्यायची. मे 2022 मधल्या 'मनोज विरुद्ध मध्य प्रदेश' या निकालात कोर्टानं आणखी सांगितलं की राज्यानं ते नियम औपचारिकपणे स्वीकारले नसले तरी ही यादी देणं सरकार पक्षाला बंधनकारक आहे. न्यायालयाच्या मते यामागचं कारण सरकारी वकिलाचं कर्तव्यच आहे : आरोपीच्या बाजूचा पुरावा हाती आला तर तो दडवायचा नाही, पोलिसांनी दडवला असेल तर पुढे आणायचा.

म्हणून आरोपपत्राच्या प्रती फुकट मिळतात तेव्हा (त्या पोलीस अहवालाच्या केसमध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांकडूनच मिळतात) त्या पिशवीत टाकून घरी नेऊ नका. पंचनाम्यांचे दिवस आणि साक्षीदारांचे जबाब लावून बघा. पंपवाला म्हणतो "माझा जबाब झाला, डीव्हीआर नेला", आणि यादीत तो नाही, ही खूण आहे. जप्त केलेली प्रत्येक वस्तू ठाण्याच्या मुद्देमाल रजिस्टरमध्ये चढायला हवी, तीही दुसरी खूण. मग वकिलानं खटला सुरू होण्याआधी न वापरलेल्या साहित्याची यादी मागायची, आणि यादीत डीव्हीआर दिसला की त्याची प्रत किंवा तो हजर करण्याचा आदेश मागायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 94 त्यासाठी आहे. पोलिसांनी डीव्हीआर नेलाच नसेल तर घाई आणखी जास्त, कारण बऱ्याच डीव्हीआरमध्ये काही आठवड्यांत जुन्या चित्रणावर नवं चित्रण चढतं. मग कोर्टाचा आदेश मिळूनही हाती काही येत नाही.

प्रामाणिक सरकारी वकील अशा वेळी काय करेल? फुटेज बघेल. पोरगा त्यात स्पष्ट असेल तर ते कोर्टापुढे ठेवेल आणि प्रत्यक्षदर्शींच्या साक्षीशी ते जुळत नाही हे मान्य करेल. पण तो स्वतःच्या अधिकारात केस गुंडाळू शकत नाही. खटला मागे घ्यायचा तर संहितेच्या कलम 360 खाली अर्ज करावा लागतो, त्याला कोर्टाची संमती लागते आणि पीडिताचं म्हणणं ऐकावं लागतं. तसंच, पोलिसांनी आरोपपत्र दाखल करावं की नाही हेही तो ठरवत नाही. तपास पोलिसांचा, खटला त्याचा. आपल्याकडे काही लोक "सरकारी वकिलाले भेटून केस मिटवू" म्हणून फिरतात. तो रस्ताच नाही, आणि कोणी तसं सांगून पैसे मागत असेल तर तो फसवतोय.

निःपक्षपणाची दुसरी बाजू तेवढीच खरी आहे. निःपक्ष म्हणजे ढिला नाही. 1 मार्च 2002 रोजी वडोदऱ्यात बेस्ट बेकरीवर हल्ला होऊन 14 माणसं गेली. जून 2003 मध्ये तिथल्या कोर्टानं सगळ्या 21 आरोपींना सोडलं. एप्रिल 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द करून खटला पुन्हा, आणि तोही महाराष्ट्रात, चालवायला सांगितलं. त्या निकालात सरकारी वकिलावर कडक ताशेरे आहेत : तो सत्य मांडणाऱ्यापेक्षा बचावाच्या वकिलासारखाच वागला. महत्त्वाच्या साक्षीदारांना सोडून दिलं आणि आरोपींच्या नातलगांना सरकारी साक्षीदार म्हणून उभं केलं. मुंबईत पुन्हा चाललेल्या खटल्यात फेब्रुवारी 2006 मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली. पुढे 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांतल्या पाच जणांना सोडलं आणि चौघांची शिक्षा कायम ठेवली. बारकाईनं बघितलं तर ही शेवटची पायरीही त्याच तत्त्वातली आहे. ज्याच्याविरुद्ध पुरावा टिकला नाही तो सुटला, ज्याच्याविरुद्ध टिकला तो नाही.

फिर्यादीच्या घरच्यांनी खाजगी वकील लावला तर तो काय करू शकतो? 1999 च्या 'शिवकुमार विरुद्ध हुकम चंद' या निकालात सर्वोच्च न्यायालयानं याचं उत्तर दिलं. सत्र न्यायालयात खटला सरकारी वकीलच चालवणार. खाजगी वकील त्याच्या सूचनेनुसार मदत करेल आणि पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीनं लेखी युक्तिवाद देईल. कारणही कोर्टानं सांगितलं. फिर्यादीच्या वकिलाला काहीही करून शिक्षा हवी असते, सरकारी वकिलाला तशी तहान असता कामा नये. यामुळे फिर्यादी निराश होतात, ते समजतं. पण सरकारी वकील महत्त्वाचा साक्षीदार बोलावत नाही असं वाटलं, तर आपल्या वकिलाकरवी कोर्टात लेखी अर्ज द्या. आवश्यक साक्षीदाराला केव्हाही बोलावण्याचा अधिकार कोर्टाला आहे, आणि तो अर्ज नोंदीवर राहिला तर पुढे अपिलात त्याकडे बोट दाखवता येतं.