देखभाल शुल्क स्मरणसंदेश

देखभाल शुल्क स्मरणसंदेश म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्थेने मासिक देखभाल शुल्काची (मेंटेनन्सची) आठवण देण्यासाठी सभासदांना दरमहा ठरावीक दिवशी पाठवलेला संदेश होय. त्यासाठी प्रामुख्याने व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी किंवा टेलिग्रामवरील साधा बॉट वापरला जातो. स्मरणसंदेश हा देयकाला पर्याय नव्हे. थकबाकीचा हिशेब देयक आणि संस्थेचे उपविधी यांवरच ठरतो. महाराष्ट्राच्या २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार थकबाकीवर द.सा.द.शे. २१ पर्यंत सरळव्याज आकारता येते. म्हणजे १,५०० रुपये महिनाभर थकल्यास व्याज जास्तीत जास्त २६ रुपये २५ पैसे होते.

ब्रॉडकास्ट यादी

एका यादीत कमाल २५६ संपर्क ठेवता येतात. संदेश प्रत्येकास स्वतंत्रपणे मिळत असल्याने, गटातील संदेशाप्रमाणे कोणाची थकबाकी इतरांसमोर उघड होत नाही. मात्र ज्याने पाठवणाऱ्याचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला नाही, त्याला संदेश पोहोचत नाही आणि पाठवणाऱ्यास तशी सूचनाही मिळत नाही. एखाद्या सभासदाचे नाव संदेशाच्या माहितीतील ‘पोहोचला’ या भागात दर महिन्याला गैरहजर असेल, पण वैयक्तिक संदेश त्याला मिळत असेल, तर बहुधा हेच कारण असते. सचिव बदलल्यावर ही अडचण हमखास उद्भवते, कारण नव्या सचिवाचा क्रमांक कोणाकडेच नसतो. शिवाय मजकूर सर्वांना एकच जातो. शुल्क भरलेल्यांची नावे दरमहा हाताने वगळावी लागतात.

बॉट

समजा, अमडापूरसारख्या गावातील २४ सदनिकांच्या संस्थेत नोंदवहीचे काम एकच कोषाध्यक्ष पाहतो. टेलिग्रामच्या @BotFather कडून बॉट तयार करून त्याचा टोकन घेतला जातो. बॉट स्वतःहून संभाषण सुरू करू शकत नसल्याने प्रत्येक सभासदाने एकदा /start पाठवणे आवश्यक असते. त्यानंतर मिळणारा chat_id सदनिका क्रमांकासमोर नोंदवला जातो. वेळापत्रक सर्व्हरवरील क्रॉनमध्ये असे लिहितात:

```
30 3 1 * * python3 /home/society/remind.py
```

याचा अर्थ दर महिन्याच्या १ तारखेला ३ वाजून ३० मिनिटांनी. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीनुसार चालत असल्यास भारतात तेव्हा सकाळचे ९ वाजतात. तेथे चुकून `0 9` लिहिल्यास संदेश दुपारी अडीचला जातो.

प्रोग्रामने नोंदवही संदेश पाठवण्याच्या क्षणीच वाचली पाहिजे. आदल्या आठवड्यात काढलेली प्रत वापरली, तर मधल्या काळात पैसे भरलेल्या सभासदालाही तगादा जातो आणि त्याचा पुढच्या संदेशांवरचा विश्वास उडतो. त्याच कारणाने बँक खात्यात जमा झालेल्या रकमा आदल्या संध्याकाळी नोंदवहीत चढवाव्या लागतात. सभासदाने बॉट बंद केल्यास ४०३ ही त्रुटी परत येते. ती नोंदवून ठेवल्यास कोणाला कागदी सूचना द्यावी लागेल, हे कळते.